एकाच ट्यूबचे तीन रंग

*ताई, मी निपाणीची, वय ४७, शाळेत शिकवते. केस पाठीच्या मध्यापर्यंत आहेत. दर महिन्याला घरीच डार्क ब्राऊन डाय मुळापासून शेंड्यापर्यंत लावते. कानशिलावरचे पांढरे केस रंग धरतच नाहीत. मधले ठीक होतात. शेंडे मात्र दहा मिनिटांत काळेकुट्ट होतात आणि पंधरा-वीस दिवसांत तेच तांबूस पडतात. दोन वर्षांपूर्वी रिबॉन्डिंग केलं होतं. घरी बोअरचं पाणी आहे. मोबाइलवर वाचून ग्लासभर पाण्यात एक केस टाकून पाहिला, तो तरंगला. म्हणजे माझे केस रंग कमी ओढणारे, असं तिथे होतं. मग शेंडे इतके काळे का होतात? पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. काय करू?*

बाई, तो पाण्याचा ग्लास आधी बाजूला ठेवा. केस इतका हलका असतो की पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताणच त्याला वर धरून ठेवतो. त्यावर खोबरेल तेलाचा नुसता हात लागलेला असला तरी तो तासभर बुडत नाही. शिवाय तुम्ही ग्लासात टाकलात तो ‘एक’ केस खरं तर एका वयाचा नाहीच. तुमची सगळी अडचण इथेच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, कुणाचा थोडा जास्त. तुमचा केस पाठीच्या मध्यापर्यंत आहे, म्हणजे ४० सेंटिमीटर धरू. रिबॉन्डिंगला २४ महिने झाले, म्हणजे मुळापासूनच्या २४ सेंटिमीटरला रिबॉन्डिंगचं औषध कधी लागलेलंच नाही, आणि खालचे १६ सेंटिमीटर त्यातून गेलेले आहेत. आता डायचा हिशेब करा. टाळूलगतच्या सेंटिमीटरभर केसाला डाय पहिल्यांदाच लागतो आहे. मधल्या केसाला दहा-बारा वेळा लागलेला आहे. शेंड्यांना किमान २४ वेळा, आणि तोही रिबॉन्डिंगच्या वर. एकाच केसात कोरं सूत, वापरलेलं कापड आणि विरलेलं धोतर एकापुढे एक जोडलेलं असावं, तसं हे आहे. त्यावर एकच रंग एकाच वेळी ओतला तर तीन रंग येणारच.

माझं पार्लर बेळगावात शहापूरला आहे, विणकरांच्या वस्तीत. माझ्या शेजारच्या आजी नेहमी म्हणायच्या की सुताची खळ नीट निघाली नसेल तर रंग वरच्या वर बसतो आणि आत जात नाही. केसाचं तसंच आहे. त्याच्या बाहेरून कौलांसारखे एकावर एक चढलेले पारदर्शक खवले असतात, पाच ते दहा थर. कौलं नीट बसलेली असली की पाऊस आत येत नाही. नव्या केसावर तर या खवल्यांच्याही वर एक अगदी पातळ तेलकट थर असतो. तो केसाला जन्मतः चिकटलेला असतो, साध्या शॅम्पूने निघत नाही, आणि त्याच्यामुळे पाण्याचा थेंब केसावर मण्यासारखा उभा राहतो. डायमधला अमोनिया किंवा त्याच्या जागी घातलेलं दुसरं अल्कली, आणि सोबतचं पेरॉक्साइड, मिळून हा थर खरवडून काढतात. एकदा गेला की तो परत येत नाही. मग खवले उचलतात, कडा तुटतात, आणि केस पाणी प्यायला लागतो. आम्ही पार्लरमध्ये अशा केसाला ‘पोरस’ म्हणतो.

आता रंग आत जातो तो कसा, ते बघा. ट्यूबमधला कायमचा डाय मुळात काळा किंवा तपकिरी नसतोच. त्यात अगदी लहान, जवळजवळ बिनरंगी रेणू असतात. अल्कलीने केस फुगतो, खवल्यांमध्ये फटी पडतात, लहान रेणू त्यातून आत शिरतात, आणि आत गेल्यावर पेरॉक्साइडच्या साहाय्याने एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. रंग दिसतो तो या मोठ्या रेणूंचा. आलेल्या वाटेने त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून रंग टिकतो. म्हणजे डाय लावल्यानंतर दोन कामं चालू असतात: आत शिरणं आणि आत मोठं होणं. दोन्हींना मिळून ३०-३५ मिनिटं लागतात, आणि डब्यावर छापलेली वेळ त्यासाठीच असते.

शेंड्यांना फटी आधीच पडलेल्या आहेत. खवले उचलून शिरायची गरजच नाही, त्यामुळे रेणू भराभर आत घुसतात, नेहमीपेक्षा जास्त घुसतात, आणि दहा मिनिटांत तुम्हाला काळाकुट्ट रंग दिसतो. पण ज्या फटींतून रंग धावत आत गेला, त्याच फटी नंतरही उघड्या आहेत. प्रत्येक वेळी केस भिजला की तो फुगतो. चांगला केससुद्धा आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पितो आणि जाडीत साधारण १५ टक्के फुगतो. तुमचे शेंडे याहून जास्त पितात. फुगलेल्या केसातून रंगाचे रेणू थोडे थोडे पाण्याबरोबर निघून जातात, मग शॅम्पू लावा वा न लावा. पटकन चढणं आणि पटकन उतरणं हे तुम्हाला परस्परविरुद्ध वाटतं आहे. पण दोन्हींचं कारण एकच आहे.

तांबूसपणा मात्र डायचा रंग नव्हे, तो तुमच्या केसाचाच आहे. दर वेळच्या पेरॉक्साइडने शेंड्यांतला तुमचा मूळचा काळा रंग थोडा थोडा उडवला आहे. काळा गेला की खाली लालसर-पिवळा उरतो. वरचा डाय धुपला की तो उघडा पडतो. मग तुम्ही तांबूसपणा झाकायला पुन्हा सगळ्या केसाला डाय लावता, शेंडे आणखी पोरस होतात, आणि पुढच्या वेळी रंग आणखी लवकर जातो. हे चक्र गेली दोन वर्षं चालू आहे, आणि ते तोडायचं असेल तर शेंड्यांना हा डाय लावणंच थांबवायला हवं.

इथे एक चूक मीही केलेली आहे. पार्लर नवीन होतं तेव्हा खानापूरहून एक मावशी आल्या होत्या, घरात लग्न म्हणून. शेंडे काळे पडताना दिसले म्हणून मी दहाव्या मिनिटाला शेंडे धुऊन टाकले आणि मुळं पूर्ण वेळ ठेवली. त्या दिवशी रंग मुळापासून शेंड्यापर्यंत एकसारखा आला, मावशी खूश होऊन गेल्या. हळदीला दोनदा केस धुतले, आणि लग्नाच्या फोटोत शेंडे तांबडे. माझं गणित असं चुकलं होतं: लहान रेणू आत गेले होते, पण मोठे व्हायला त्यांना वेळच मिळाला नाही. अर्धवट राहिलेला रंग पहिल्या दोन धुण्यांतच निघून गेला. तेव्हापासून मी एवढं धरून आहे की पोरस शेंड्यांना गडद रंग कमी वेळ द्यायचा नाही, उजळ रंग पूर्ण वेळ द्यायचा.

आता कानशिलं. तिथले पांढरे केस बहुतेक बायकांचे जाडसर आणि कडक असतात, खवले घट्ट, आणि दर महिन्याला नवीन येत असल्यामुळे तो तेलकट थर शाबूत. शेंड्यांच्या बरोबर उलटी स्थिती. शिवाय तुम्ही डाय कपाळाकडून लावायला घेत असाल किंवा मागून, कानशिलांवर येईपर्यंत ब्रशवर कमी माल उरतो आणि तो लवकर सुकतो. सुकलेला डाय काम करत नाही. म्हणून कानशिलं सगळ्यांत आधी, जाड थर देऊन, पूर्ण वेळ. आदल्या रात्री तिथे तेल लावू नका, तेलाने डाय आत शिरायला आणखी अडतो.

लग्नाआधी कमीत कमी दोन आठवडे ही चाचणी करा. पाणी फवारायची साधी बाटली घ्या, इस्त्रीला वापरतो ती चालेल. केस शॅम्पूने धुऊन, कंडिशनर न लावता, पूर्ण वाळू द्या. कानशिलाजवळ एक बट धरून हलकं फवारा, मग मधे, मग शेंड्यांवर. थेंब वर मण्यासारखे राहिले तर तो केस सहजासहजी रंग न धरणारा. लगेच शोषून केस काळपट ओला दिसला तर पोरस. माझा अंदाज आहे की तुम्हाला एकाच डोक्यावर दोन्ही दिसतील.

पण खरा निकाल बटेची चाचणीच देते. मानेवरच्या आतल्या बाजूने, दिसणार नाही अशी, पेन्सिलच्या निम्म्या जाडीची बट कापा. तिचे दोन तुकडे करा, वरचा आणि शेंड्याकडचा, आणि प्रत्येक तुकडा एका टोकाला दोऱ्याने बांधा. तुमचा नेहमीचा डाय चमचाभर कालवून दोन्हींना लावा, ताटलीत ठेवा. दर पाच मिनिटांनी ओल्या कापसाने थोडा भाग पुसून बघा आणि वहीत लिहा. डायची ताटली घरातल्या उबेत असते, डोक्यावर टाळूची ऊब जास्त असते, त्यामुळे डोक्यावर रंग थोडा लवकर येईल, हे धरून चाला.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेच्या केसावर (अगदी तुमच्यासारखे, रिबॉन्डिंग केलेले) शेंड्याचा तुकडा पाचव्या मिनिटाला मुळाच्या पंधराव्या मिनिटाइतका गडद झाला होता, आणि दहाव्याला निळसर काळा. वरचा तुकडा ३० मिनिटांनी डब्यावरच्या फोटोसारखा आला. इथपर्यंत सगळेच करतात. मी पुढचं सांगते, कारण टिकण्याचा प्रश्न तिथे सुटतो. दोन्ही तुकडे डाय धुऊन वाळवा, मग एका दिवसात सहा वेळा शॅम्पूने धुवा, दर वेळी वाळवून. हे तुमच्या दोन-तीन आठवड्यांच्या न्हाण्याइतकं झालं. मग दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. शेंड्याचा तुकडा किती उतरला ते तिथे डोळ्यांना दिसेल. त्या शिक्षिकेचा शेंडा सहाव्या धुण्यानंतर चहाच्या रंगाचा झाला होता.

हाच प्रयोग दुसऱ्या एका रंगावर करा. दुकानात ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेले आणि ‘अमुक इतक्या धुण्यांपर्यंत टिकतो’ असं छापलेले डाय मिळतात. त्यांचं पेरॉक्साइड सहसा सौम्य असतं, ते तुमचा मूळ रंग फारसा उडवत नाहीत. ते निरुपद्रवी असतात असं नाही, अमोनियाच्या जागी दुसरं अल्कली असतंच, आणि ॲलर्जी देणारे रंगरेणूही बहुधा तेच असतात. पण शेंड्यांवर नुकसान कमी करतात. शेंड्यांसाठी असा डाय तुमच्या नेहमीच्या छटेपेक्षा एक पायरी उजळ घ्या. डब्यावर छटेचा आकडा असतो, तो वाढेल तशी छटा उजळ होते, म्हणजे तुम्ही ३ लावत असाल तर शेंड्यांना ४. पोरस केस रंग जास्त ओढतो, म्हणून ४ त्याच्यावर ३ सारखाच दिसेल. आणि राखी झाक असलेला घेऊ नका. पोरस शेंडे राखी झाक अवाजवी ओढतात आणि केस मळकट, कधी हिरवट दिसतो. साधा तपकिरी किंवा किंचित सोनेरी झाक असलेला बरा. त्या तुकड्यावर पूर्ण वेळ, डब्यावर लिहिली असेल तितकी, ठेवून बघा.

दोन्ही डायची कातडीवरची चाचणी विसरू नका: कानामागे थेंबभर लावून ४८ तास. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांनाही ॲलर्जी अचानक सुरू होते, आणि लग्नघरात सुजलेलं तोंड घेऊन फिरायची पाळी येऊ नये.

प्रत्यक्ष दिवशी क्रम असा ठेवा. केस कोरडे असावेत. आधी शेंड्यांच्या १६ सेंटिमीटरला साधा कंडिशनर चोपडा आणि वर बांधून ठेवा, म्हणजे मुळांचा डाय ओघळला तरी तिथे पटकन शिरणार नाही. नेहमीचा डाय कानशिलांवर, मग भांगावर, मग मागे, फक्त नव्या वाढीवर लावा. मधल्या केसाला या वेळी लावूच नका, तो तुम्हीच म्हणता तसा ठीक आहे. पूर्ण वेळ झाल्यावर कोमट पाण्याने मुळं धुवा, शेंड्यांवरचा कंडिशनर शॅम्पूने काढा, टॉवेलने पुसा. आता दमट शेंड्यांना उजळ, अमोनियारहित डाय पूर्ण वेळ. रंग काळपट वाटायला लागला तरी घाबरून धुऊ नका, तुमच्या वहीत निकाल लिहिलेला आहे, त्यावर विसंबा. जिथे रिबॉन्डिंगचा भाग सुरू होतो तिथे ब्रश उभा धरून रंग थोडा वर पसरवा, नाहीतर आडवी रेघ दिसते.

बोअरच्या पाण्याबद्दल. अथणी-रायबागकडच्या माझ्या गिऱ्हाइकांच्या केसांत हा प्रकार मी जास्त पाहते, तुमच्याकडे किती आहे ते बादलीच्या काठावर पांढरा थर जमतो की नाही यावरून कळेल. जड पाण्यातला चुना पोरस केस जास्त धरतो, कारण खराब झालेल्या केसात त्याला चिकटायला जास्त जागा असतात. मग शेंडे राठ होतात आणि डाय ठिपक्याठिपक्यांनी बसतो. पाण्यात लोह किंवा तांबं असेल तर ते आणखी वाईट, कारण त्यांच्यामुळे पेरॉक्साइड केसातच भडकतं आणि नुकसान वाढतं. डाय लावायच्या आदल्या दिवशी, ज्याच्या घटकांत पाण्यातला चुना आणि धातू धरून काढणारं ‘ईडीटीए’ वरच्या ओळींत असेल आणि जो जड पाण्यासाठी किंवा खोल सफाईसाठी म्हणून विकला जातो, अशा शॅम्पूने एकदा धुवा. महिन्यातून एकदाच, रोज नाही. डाय धुताना शेवटचे दोन तांबे बोअरच्या नव्हे, नगरपालिकेच्या नळाच्या पाण्याचे असोत. पावसाळा असेल तर पागोळीचं पाणी यासाठी फार चांगलं, खानापूर-जांबोटीकडच्या बायका ते मुद्दाम धरून ठेवतात. पहिल्या सरीचं मात्र नको, कौलावरची धूळ त्यात येते.

नंतरचं न्हाणं. न्हायच्या आदल्या रात्री शेंड्यांना खोबरेल तेल लावा. खोबरेल केसाच्या आत थोडं शिरतं आणि न्हाताना केस कमी फुगतो, फुगणं कमी तितका रंग कमी जातो. इथे तेल तुमच्या बाजूने आहे, डायच्या आधी कानशिलांवर ते विरोधात होतं. आठवड्यातून दोनदाच न्हा, पाणी कोमट ठेवा, दर वेळी कंडिशनर शेंड्यांना. कंडिशनरने खवले ‘बंद’ होतात असं पार्लरात सांगतात, ते तितकंसं खरं नाही. तो उघड्या जागांवर चिकटून बसतो आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत झाकण घालतो, एवढंच. पोरस झालेला केस पुन्हा नवीन होत नाही, कारण केस जिवंत नसतो. व्हिनेगर, अंडं, महागडं स्पा, काहीही लावा, शेंडे तेच राहणार. ते कापले जाईपर्यंत झाकत राहायचं. दर दोन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर कापत गेलात तर रिबॉन्डिंगचे १६ सेंटिमीटर वर्ष-दीड वर्षात उरणार नाहीत, आणि तोवर वरचा केस जवळजवळ तितकाच वाढलेला असेल.

लग्नाचं वेळापत्रक: कातडीची आणि बटेची चाचणी पंधरा दिवस आधी. डाय चार-पाच दिवस आधी, म्हणजे कातडीवरचे डाग जातील आणि पहिल्या न्हाण्यात सुटणारा जादा रंग हळदीच्या आधीच निघून जाईल. हळदीला केसांत हळद गेली की दोनदा शॅम्पू करावाच लागतो, म्हणून हळदीच्या आदल्या रात्री शेंड्यांना भरपूर खोबरेल लावून ते अंबाड्यात आत वळवून ठेवा. आणि डाय झाल्यावर बटेच्या तुकड्यांपेक्षा वेगळं काही दिसलं, विशेषतः शेंडे ओले असताना चिकट लागले किंवा रबरासारखे ताणले जात असतील, तर दुसऱ्यांदा काही लावू नका. ते केस रंगाच्या पलीकडे गेलेले आहेत, तेवढे कापून घ्या आणि मला पुन्हा लिहा.